निरवांगीच्या मावशींच्या वडिलांचा गाल

बारामतीच्या त्या फोटो स्टुडिओत मी जुने फोटो दुरुस्त करायचं काम सहा वर्षं केलं आणि सहाही वर्षं शेठशी भांडले. त्याचा एकच हट्ट होता: एका गिऱ्हाइकाची एकच फाईल, तीही जेपीजी, म्हणजे दाबून लहान केलेली. मूळ फोटो खाली आणि दुरुस्ती वरच्या थरांत अशी मोठी फाईल ठेवली की म्हणायचा, "मशीन भरतंय तुझ्या पसाऱ्यानं! काढ ते." रोज दुकान बंद करताना तो स्वतः बघून त्या फाईली उडवायचा. डोकं सणकायचं माझं.

एकदा निरवांगीहून एक मावशी आल्या. वडिलांचा एकुलता एक फोटो घेऊन. खांद्यावर घोंगडं, डोक्याला फेटा, मागं मेंढरं. फोटो मधोमध दुमडलेला, ती घडी बरोब्बर डाव्या गालावरून गेलेली. वर्षश्राद्धाला मोठी फ्रेम करून लावायची होती. मी स्कॅन केला, शेजारची कातडी उचलून गालाच्या घडीवर ठिगळ लावलं, जेपीजीत सेव्ह केलं.

मावशी चार वेळा आल्या. "गाल लई भरला." "फेटा उजळा की जरा." "डोळ्याखालचं काळं काढा." दर वेळी मी तीच जेपीजी उघडली, गालाच्या ठिगळावर ठिगळ चढवलं, तिच्यावरच सेव्ह केलं. मावशींचाही राग यायचा. एकदाच काय ते सांगता येत नाही का? तिसऱ्या खेपेला तोंडातून निघून गेलं, "मावशी, नवा किती छान झालाय बघा. तो फाटका आता घरात ठेवू नका."

श्राद्धाच्या आदल्या आठवड्यात फ्रेम न्यायला त्या आल्या. कागद काढला आणि ओरडल्याच. "अगं बया! ह्यो काय केलाय गाल?"

काऊंटरवरून मलाही दिसलं. फेटा ठीक होता, मेंढरं ठीक होती. डाव्या गालावर मात्र चौकोन चौकोन उठले होते, कडेला मळकट रेघा. स्क्रीनवर लहान बघताना कळलंच नव्हतं.

शेठ म्हणाला, "प्रिंटरचा दोष." खोटारडा! कारण मला पाठ होतं. जेपीजी सेव्ह करताना चित्राचे बारीक चौकोन पाडते आणि प्रत्येकातला नाजूक तपशील टाकून देते. हात न लावलेल्या भागातलं जायचं ते पहिल्यांदाच जातं. क्वालिटी तीच ठेवली तर पुढं फारसं जात नाही. पण ठिगळ दुसरीकडून उचललेलं असतं. ते जुन्या चौकोनांच्या खुणा घेऊन येतं, नव्या चौकोनांत वेडंवाकडं बसतं आणि पुन्हा कापलं जातं. त्यावर परत ठिगळ, परत सेव्ह. माझी ठिगळं त्या एका गालावर अशी दर सेव्हला पुन्हा पुन्हा कापली गेली होती.

मी म्हटलं, "मावशी, मूळ फोटो आणा. परत स्कॅन करते."

त्या म्हणाल्या, "तुमीच म्हनला न्हवं, फाटका ठिवू नका? भिगवणला जाऊन पान्यात सोडला."

पहिला स्कॅन? त्याच्यावरच सेव्ह करत गेले होते मी.

"माझ्या मोबाईलवर हाय त्यो," त्या म्हणाल्या. "द्यायच्या आधी काढून ठिवला हुता. तुमच्यावर इश्वास न्हवता माझा."

त्या व्हॉट्सॲपवर पाठवायला निघाल्या. "नको! तिथं परत दाबून बारीक होतो," मी म्हटलं आणि वायर लावून फाईल तशीच्या तशी घेतली. मूळ फाईल बदलता येणार नाही अशी कुलूपबंद करून बाजूला ठेवली. तिच्या प्रतीवर कोरा थर घेतला, दुरुस्ती फक्त त्या थरावर, आणि दर वेळी थरांसकट सेव्ह. जेपीजी शेवटी एकदाच काढायची, छापायला. ती पुन्हा उघडायची नाही. शेठ मागून "मशीन..." म्हणाला. "गप्प बसा हो!" मी ओरडले. बसला.

गालाशी आले तेव्हा मावशींनी हात धरला. "घडी राहू द्या. तेवढा तरी त्यो खराच हाय."

मोबाईलच्या फोटोतून मोठी फ्रेम निघण्यासारखी नव्हती. वहीच्या पानाएवढी छापली. मूळ फाईल आणि थरांची फाईल दोन्ही त्यांनी पेनड्राइव्हवर मागून घेतल्या, पदराच्या गाठीत बांधल्या.

मी बोलायला गेले, "मावशी, शेठनं ते जेपीजीचं..." आणि वाक्य तिथंच सोडलं. मूळ स्कॅनची एक प्रत पेनड्राइव्हवर करून ठेवायला मला कोणी अडवलं नव्हतं. फोटो टाकून द्या हे तर शेठनं सांगितलंच नव्हतं.

"माझंच चुकलं," मी म्हटलं.

"व्हय. तुमचंच," त्या म्हणाल्या, आणि फ्रेम छातीशी धरून पायरी उतरल्या.