सरकत गेलेला भांग

पार्लर एवढंसं. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतभर आरसा आणि कोपऱ्यात स्टूल, ज्यावर बसलेली बाई हमखास दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसते. या पार्लरच्या मालकिणीला सगळे शंभरी ताई म्हणायचे. तिची शंभरी भरायला अजून पुष्कळ वेळ होता, बेचाळिशीच तर चालू होती. नावामागे कारण वेगळं होतं.

कोणी केस गळतात म्हणून रडवेली होऊन आली की ताई तिला बसवायची, केस हातात घेऊन मुठीत धरायची आणि विचारायची, "शंभर दिवसांपूर्वी काय झालं होतं?"

"काल शाम्पू बदलला."

"काल नाही हो! शंभर दिवसांपूर्वी. तीन महिने मागे जा."

मग ती बाई बोटांवर मोजायची आणि तिचे डोळे मोठे व्हायचे. शाळेतल्या बाईंना तीन महिन्यांपूर्वी सणसणीत ताप येऊन गेलेला असायचा, आठवडाभर अंथरुणात. लग्न ठरलेल्या एका पोरीनं दोन महिने काकडी आणि सूप यावर काढले होते, ड्रेसमध्ये मावायचं म्हणून. ड्रेसमध्ये ती मावली, पण लग्नानंतर उशी केसांनी भरायला लागली. ताई सांगायची, "शरीराला धक्का बसला की बरेचसे केस एकदम विश्रांतीला जातात. आणि विश्रांती संपली की गळतात, तीन महिन्यांनी. मुळं जिवंत आहेत. पोटभर जेव, येतील परत."

आणि यायचे. सहा महिन्यांत कपाळावर बोटभर उंचीचे ताठ केस उभे राहायचे, ते बसवता बसवता नाकी नऊ यायचे, आणि त्याच बाया हसत हसत तक्रार करायच्या. बाळंतिणींचं तर ताईला तोंडपाठच होतं. पोटात बाळ असताना केस गळायचे थांबतात, म्हणून दाट दिसतात, आणि मग बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी साठलेलं सगळं एकदम जातं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत भरून येतं. हे ती इतक्या छातीठोकपणे सांगायची की ऐकूनच अर्ध्या बायांचं रडू थांबायचं. कुठलं तेल नाही, कुठली बाटली विकणं नाही. त्या बाबतीत ती खरंच सरळ बाई होती.

तिची धाकटी बहीण कुरियरच्या कचेरीत काउंटरवर बसायची. धाकटीला मुलगी झाली, आणि चौथ्या महिन्यात ती ओंजळभर केस प्लास्टिकच्या पिशवीत घालून पार्लरमध्ये आली. पिशवी समोर धरून म्हणाली, "ताई, मी टकली होणार."

"ती पिशवी आधी कचऱ्यात टाक. काय जपून ठेवलेत, दागिने आहेत का? येतील परत. पोरीच्या वाढदिवसाला तुझा अंबाडा मी घालणार."

"नक्की?"

"मी कधी चुकलेय?"

आणि ती चुकली नाही. वाढदिवसाला गळणं थांबलं होतं, कपाळावर नवे केस उभे होते. ताईनं अंबाडा घातला. धाकटीनं आरशात पाहून तिच्या गळ्यात हात टाकले. ताईला त्या दिवशी आपल्या हातांचा फार अभिमान वाटला.

पुढचं सगळं इतकं हळू झालं की त्याला घडणं म्हणावं की नाही, कोण जाणे. धाकटी महिन्यातून एकदा यायची. ताई केस धुवायची, वाळवायची, मुळाशी ब्रश घालून वर उचलायची. एकदा म्हणाली, "मधल्या भांगाशी केस बसतायत तुझे. जरा बाजूला काढू, फुगीर दिसतील." पुढच्या वर्षी आणखी थोडा बाजूला. मग वाकडातिकडा भांग, नागमोडी, जो कुठून कुठे जातो ते कळतच नाही. हे सगळं तिच्या धंद्यातलं नेहमीचं कसब. बाया ते मागून घेतात. भांग रुंद दिसतोय म्हणून आपण तो हलवतोय, हे ताईच्या मनात एकदाही आलं नाही. हातांना कळलं, त्यांनी झाकलं आणि डोक्यापर्यंत येऊच दिलं नाही. बहिणीचे केस गळत नव्हते. कंगव्यात चार, बेसिनमध्ये सहा. गळत नाहीत म्हणजे ठीक आहे, एवढंच ताईला ठाऊक होतं. धाकटीनं दोन-तीनदा विचारलंही, "ताई, वर विरळ वाटतात का गं?" आणि ताई म्हणाली, "बाळंतपणाचं आहे, कोणाला जरा जास्त वेळ लागतो."

चार वर्षं झाली. कचेरीत काउंटरच्या वर छताला कॅमेरा बसवला आणि त्याचा पडदा धाकटीच्या समोरच आला. पहिल्याच दिवशी ती पडदा बघत शेजारच्या मुलीला म्हणाली, "त्या खालमानेनं बसलेल्या, टाळू दिसणाऱ्या बाई कोण गं? कोणाची आई आलीय का?" धाकटीनं हात हलवला. पडद्यावरच्या बाईनंही हलवला.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे दोघी बहिणी गेल्या. ताई मुद्दाम काम बंद ठेवून गेली होती, कारण तिला खात्री होती की डॉक्टर तिचंच म्हणणं सांगतील. डॉक्टरीणबाईंनी आधी नागमोडी भांग कंगव्यानं मोडला आणि सरळ मधोमध काढला. ताईला कोणीतरी आपला हात झटकल्यासारखं वाटलं. मग चिमटीत केस धरून हलके ओढले. दोनच आले. मग भिंगाचं छोटं यंत्र डोक्याला लावलं आणि पडद्यावर दाखवलं.

"हे बघा. एक जाड, शेजारी बारीक, शेजारी अगदी लवीसारखा. आणि हा मागचा भाग बघा, मागे सगळे सारखे जाड. बाळंतपणात गळतात ते सगळ्या डोक्यातून गळतात आणि परत येतात. तुमचे ते आले. हे वेगळं आहे. यात केस फार गळत नाहीत, प्रत्येक वेळी थोडे बारीक होऊन येतात. भांगापासून आणि टाळूवर. कपाळाची पुढची रेघ बहुधा तशीच राहते."

"पण सुरू तर बाळंतपणानंतरच झालं," ताई म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा चढला होता.

"त्याच सुमाराला हेही सुरू झालं असेल. गळतीत ते झाकलं गेलं, पुष्कळदा होतं असं. रक्ताच्या तपासण्या करू, लोह आणि थायरॉइड, काही असेल तर तेही सुधारू. घरात कोणाचे असे आहेत?"

"आईचे," धाकटी म्हणाली. "पण तिचे टायफॉइडनं गेले."

"टायफॉइड कधी झाला होता?"

"ताईच्या जन्माआधी."

डॉक्टरीणबाईंनी दोघींकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. आईचे केस तिच्या शेवटच्या सहा वर्षांत ताईनंच विंचरले होते. भांग दोन बोटं रुंद, टाळू चमकणारी, आणि पुढे एक ओळ शाबूत. आई सांगायची, ते मेलं तापानं नेलं. घरात सगळ्यांनी ते मान्य केलेलं. ज्या बाईनं आयुष्यभर परक्यांना शंभर दिवस मोजायला लावले, तिनं आईचे दिवस कधी मोजले नाहीत. तापानं गेलेले केस वर्षभरात येतात. आईचे चाळीस वर्षांत आले नव्हते.

"आता?" धाकटीनं विचारलं.

"रोज लावायचं औषध. सुरुवातीला थोडे जास्त गळतील, घाबरून सोडू नका. सहा महिने तरी बघायचं. आहेत ते बरेचसे टिकतील, काही थोडे जाड होतील. पूर्वीसारखं होईल असं मी सांगणार नाही. आणि थांबवलंत की टिकवलेलंही जाईल. दुसरं मूल हवंय?"

"हवंय."

"मग आधी मला सांगा. गरोदरपणात हे बंद ठेवावं लागेल आणि यावरच्या गोळ्या तर देताच येणार नाहीत."

"मी चार वर्षांपूर्वी तुमच्याकडे आले असते तर?"

"तेव्हा राखण्यासारखं जास्त होतं."

बाहेर रस्त्यावर येऊन ताई म्हणाली, "मला माफ कर." धाकटीनं स्कार्फ डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "तू मुद्दाम थोडंच केलंस." मग चार पावलं गेल्यावर म्हणाली, "मी तुला विचारत होते पण, ताई." एवढंच. भांडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर ताईला बरं वाटलं असतं.

औषधानं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तेवढंच केलं. आधी गळले, मग थांबले. भांग आणखी रुंद झाला नाही, अरुंदही झाला नाही. हे धाकटीनं फोनवर सांगितलं, कारण पार्लरमध्ये ती आता येत नव्हती. तिच्या कचेरीजवळ दुसरं पार्लर होतं.

"तिथे चांगलं करतात?" ताईनं विचारलं.

"चांगलं असं नाही. काही बोलत नाहीत. नुसते कापतात."

ताईनं बरं म्हणून फोन ठेवला आणि ती स्वच्छच असलेलं बेसिन बराच वेळ घासत बसली.

त्यानंतरच्या आठवड्यात एक तरुण बाई आली, पाठीला बाळ बांधलेलं, डोळे सुजलेले. बाळ साडेचार महिन्यांचं. ताईनं केस मुठीत घेतले. सगळीकडून सारखेच विरळ, मागूनही. सरळ मधोमध भांग काढला, अरुंद होता. केस सगळे एकाच जाडीचे. घरात कोणाचे विरळ? कोणाचेच नाहीत, आईचे, आजीचे, वडिलांचेही दाट. आणि कपाळावर, दिव्यात धरल्यावर, नखभर उंचीचे नवे केस उगवतच होते. ताईनं उभ्या आयुष्यात याहून स्पष्ट काही पाहिलं नव्हतं.

"येतील ना परत?" बाईनं विचारलं.

ताईनं कंगवा पुन्हा एकदा भांगातून फिरवला.

"माझ्याबरोबर काउंटरवर असतात ना, तुमच्या बहीण, त्यांनीच पाठवलं मला. म्हणाल्या, बाळंतपणाचं असेल तर ताईकडे जा. त्यात ती कधी चुकत नाही."

ताईच्या हातातला कंगवा थांबला. येतील, एवढंच म्हणायचं होतं. ते खरं होतं, आणि ते म्हणावं म्हणूनच धाकटीनं हिला पाठवलं होतं. शब्द जिभेवर आला, आणि आरशात तिला बहिणीचा मधोमध काढलेला भांग दिसला.

"डॉक्टरांना दाखवून घ्या," ती म्हणाली.

"म्हणजे नाही येणार?"

"तसं नाही. दाखवून घ्या."

बाईनं डोळे पुसले, बाळ सावरलं आणि गेली. दारातून उतरताना ती रडत होती. आठ-नऊ महिन्यांत तिचे केस भरून येणार होते, हे ताईला माहीत होतं. हाक मारायला ती दारापर्यंत गेलीही, आणि हाक न मारता तिथेच उभी राहिली.