कोणाचे मेल किती

मानपाड्याला एमआयडीसीत रंगाची रसायनं बनवणारी एक कंपनी आहे. तिथे मी निर्यातीचे कागद बघते. माल बनतो, तपासला जातो, कंटेनरमध्ये भरला जातो आणि बंदराकडे निघतो, तोपर्यंतचे सगळे कागद माझ्या टेबलावरून जातात. म्हणजे खरं तर माझ्या मेलबॉक्समधून.

एका वर्षी एक कंटेनर जहाजावर चढायचा राहिला. जहाजाची वेळ अलीकडे आली होती, एजंटने तसं मेलवर कळवलेलं, आणि मी तो मेल उघडलाच नव्हता. तो शंभर मेलांच्या खाली दबलेला. मॅनेजर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्याने आवाज न चढवता विचारलं, "मॅडम, तुम्ही मेल बघत नाही का?"

मी दिवसभर मेलच बघत होते. जेवताना, रिक्षात, कुकरच्या शिट्ट्या मोजतानासुद्धा. घरी येऊन नुसती बसून राहिले.

आमच्या आयटी विभागातली मुलगी डब्याला माझ्यासोबत बसायची. तिला सांगितलं तर म्हणाली, "ताई, आधी मोजू या. काय येतंय ते तरी कळेल." तिने माझ्या इनबॉक्सची आणि पाठवलेल्या मेलांची यादी एक्सेलमध्ये काढून दिली. मेल कधी आला, कोणाकडून, मी उत्तर कधी दिलं, सगळं रांगेत.

आठवड्याला नऊशेच्या आसपास मेल. त्यातला तिसरा हिस्सा सिस्टिमच्या आपोआप येणाऱ्या मेलांचा: अमुक ऑर्डर अपडेट झाली, तमुक गेटपास निघाला. ते कोणीच वाचत नव्हतं. पण उत्तराच्या वेळेचा आकडा मला पटेना. सरासरी पाच तास.

"मी इतकी हळू नाहीये गं," मी म्हटलं.

"नाहीच आहात. सरासरी फसवते. थोडे मेल दोन-दोन दिवस पडून राहिलेत, ते सगळ्यांना ओढतात. ही मधली वेळ बघा, अर्धी उत्तरं ह्याच्या आत गेलीत." ती वेळ होती आठ मिनिटं.

मग आम्ही पडून राहिलेले मेल उघडून बघितले. एजंटचे, बँकेचे, परदेशातल्या गिऱ्हाइकांचे. ज्यांना विचार करून उत्तर द्यावं लागतं असे. आणि आठ मिनिटांत गेलेली उत्तरं कसली? "नोटेड." "ओके, थँक्स." माझ्या प्रत्येक "नोटेड"वर कोणीतरी परत "थँक्स" पाठवत होतं, तोही माझ्याच नऊशेत धरलेला.

सगळ्यात जास्त मेल पाठवणारे होते आमच्या क्वालिटी लॅबचे साहेब. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. प्रत्येक बॅचचा नमुना आला, तपासणी सुरू झाली, निकाल आला, सर्टिफिकेट तयार, असे चार मेल, आणि प्रत्येकाच्या सीसीत अर्धी कंपनी.

मी सवयी बदलायला घेतल्या. सिस्टिमचे मेल वेगळ्या फोल्डरात जातील असा नियम लावला. ज्यात मी फक्त सीसीत आहे, ते दुसऱ्या फोल्डरात, संध्याकाळी एकदा बघायचे. एजंट आणि बँक सगळ्यात वर. इनबॉक्स दिवसातून तीनदाच उघडायचा, आणि "नोटेड" बंद.

राहिले साहेब. त्यांना नियम लावून फोल्डरात टाकणं मला बरं वाटेना, कारण त्यांच्या चार मेलांपैकी एक मला खरंच लागायचा. म्हणून लॅबमध्ये गेले.

"साहेब, सगळ्या बॅचचं मिळून दुपारी एकच मेल कराल का? मधलं काही अडलं तर सरळ फोन करा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "फोनचा पुरावा राहत नाही, ताई. आधीच्या कंपनीत एक बॅच खराब निघाली. मी तोंडी सांगितलेलं, दोनदा. चौकशीत म्हणाले, लेखी कुठंय? सहा महिने घरी होतो." मग चष्मा परत लावून म्हणाले, "पण तुम्ही म्हणता तर करून बघतो."

त्यांनी केलं. चार वाजता एक मेल, आत नीट तक्ता, सीसीत फक्त लागणारी माणसं. पहिल्याच महिन्यात माझे मेल निम्म्यावर आले. बँकेला त्याच दिवशी उत्तर जाऊ लागलं. मी खूश होते, खोटं कशाला सांगू.

एकदा मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. स्क्रीनवर मेल मोजल्याची एक्सेलची यादी उघडी होती, आधीची आणि आत्ताची. "हे काय आहे?" मी सांगितलं. त्याचे डोळे चमकले. "मस्त! मला पाठवा."

"माझ्यापुरतं केलंय हो. नावं आहेत त्यात."

"अहो, पाठवा तर."

मी फाइल पाठवून दिली.

महिन्याच्या मीटिंगमध्ये भिंतीवर आलेख आला. सवयी बदलायच्या आधीच्या आठवड्याचा. एका नावापुढची पट्टी पार टोकापर्यंत गेलेली. मॅनेजर हसत म्हणाला, "साहेब, लॅब चालवता की पोस्ट ऑफिस?" सगळे हसले. साहेबही हसल्यासारखे झाले, मग समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले.

"तो जुना आठवडा आहे," मी म्हटलं. "आता ते दिवसाला एकच मेल करतात."

"मुद्दा तोच आहे ना, मॅडम. मोजलं की सुधारतं." आणि त्याने जाहीर केलं, आता दर महिन्याला सगळ्या विभागांचा असा आलेख निघणार.

बाहेर आल्यावर मी साहेबांना गाठलं. काही बोलायच्या आत ते म्हणाले, "लंच झालं का?" आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मेल आला नाही. फोन केला तर म्हणाले, "सर्टिफिकेट तयार आहे. तुम्ही मेलवर मागा, मी उत्तर म्हणून पाठवतो." मागितल्याशिवाय त्यांनी काहीच पाठवायचं नाही असं ठरवलेलं. बाकीचेही हुशार झाले. ज्याला लिहायचं तो व्हॉट्सॲपवर लिहू लागला, आणि तिथे ना फोल्डर ना नियम. मेलांचे आकडे खाली येत गेले, आलेख सुंदर दिसू लागला, आणि मी कागदांसाठी फोन घेऊन सगळ्यांच्या मागे धावू लागले.

मी मॅनेजरकडे गेले. म्हटलं, आलेखातून नावं तरी काढा. तो खरंच गोंधळला. "मी कुणाला बोललो का काही? आकडेच आहेत. चुकीचे आहेत का?"

चुकीचे नव्हते. आयटीतल्या मुलीने इतके नीट काढलेले की बोट ठेवायला जागा नव्हती. मी परत येऊन बसले. तिलाही विचारलं, हे थांबवता येईल का. ती म्हणाली, "ताई, आता रिपोर्ट आपोआप निघतो."

साहेबांनी दिवाळीनंतर लवकर निवृत्ती घेतली. कारण गुडघ्याचं दिलं. त्या आठवड्यात संध्याकाळी शेअर रिक्षाच्या रांगेत ते माझ्या पुढे उभे होते.

"मी सांगून पाहिलं, साहेब," मी म्हटलं.

"माहितीये मला." मग म्हणाले, "लेखी असलं की माणूस वाचतो असं मला वाटायचं."

रिक्षा आली, एकाचीच जागा होती. त्यांनी मला पुढे केलं. मी नको म्हणत होते, पण मागची माणसं ओरडायला लागली, आणि मी बसले.