चाचांचा रिप्लाय ऑल

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात मेल पाहायचं काम माझ्याकडे होतं. आमची सराव परीक्षा नांदेडला व्हायची. तिच्या मेलमध्ये तिथले छापखानेवाले चाचा, बसवाले आणि हॉलवाले असे तिघं असायचे. पालकांना मी बीसीसीत ठेवायचे, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नसे.

चाचा प्रत्येक मेलला रिप्लाय ऑल दाबून लिहायचे, ‘मिळालं, शुक्रिया.’ पालकांपर्यंत ते जात नसे, एवढंच नशीब. बसवाले मात्र वैतागून मलाच फोन करायचे.

शेवटी मी भडकले. “चाचा, सगळ्यांना कशाला? मला एकटीलाच पाठवा की!”

चाचांनी लगेच ऐकलं. इतकं, की मशीन बिघडली आणि पेपर उशिरा येणार, हेही त्यांनी फक्त मलाच कळवलं. मी कपाळावर हात मारला. बसवाले, हॉलवाले दोघांना सीसीत घालून उत्तर धाडलं आणि चाचांना फोन लावला. “असलं सगळ्यांनाच सांगायचं हो!”

“म्हणजे बेटी, अडचण सगळ्यांना, अन् शुक्रिया फक्त तुला?”

“हाव, चाचा.”

चाचा म्हणाले, “लई उलटं हाय हे.”