आक्कांनी बाजूला काढलेले पाच पॅन

कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागून आक्कांना अकरा वर्षं झाली होती. मोरीशी उभं राहून त्यांच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, पण त्यांच्या हातून निघालेल्या ताटलीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. म्हणून त्या सोमवारी सकाळी त्यांच्यावर खापर फुटलं, तेव्हा आधी त्यांना ते आपल्याबद्दल आहे हेच कळेना.

झालं होतं असं. चार महिन्यांपूर्वी कँटीनमध्ये बारा नवे नॉनस्टिक पॅन आले होते. आठ मोठे, चार लहान. मोठ्यांवर मुख्य आचारी नाश्त्याची ऑम्लेटं काढायचे. लहानांवर दुसरी स्वयंपाकीण, जिला सगळे ताई म्हणायचे, आजारी किंवा पथ्यावर असलेल्या कामगारांसाठी वेगळं करून द्यायची. त्या सोमवारी लेथवरच्या एका कामगाराच्या ऑम्लेटात काळे कण निघाले आणि तो ताटली घेऊन थेट मॅनेजरबाईंच्या टेबलापाशी गेला. बाईंनी आचाऱ्यांना बोलावलं. आचारी म्हणाले, मोठे आठही पॅन कामातून गेलेत, अंडं तव्याला चिकटून बसतं, आणि आक्का तारेच्या घासणीने खरवडतात त्याला मी काय करणार.

बाईंनी शहानिशा केली नाही. उद्यापासून आक्कांनी भाज्या निवडायला बसावं, एवढंच सांगून त्या निघून गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी कोपराने पुसलं, कारण हात साबणाचे होते.

दुपारी कँटीन रिकामं झाल्यावर त्यांनी बाराही पॅन धुऊन, पुसून खिडकीपाशी उजेडात मांडले आणि एकेक हातात घेऊन पाहिला. नव्या खोक्यांतून निघालेला सूचनांचा कागद त्यांनी तेव्हाच कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. आचाऱ्यांनी तो कधी वाचला नव्हता. आक्कांनी मात्र पहिल्याच दिवशी वाचून तारेची घासणी दूर ठेवली होती आणि मऊ स्पंज धरला होता.

लहान चारही पॅन आरशासारखे होते. मोठ्यांपैकी पाचांची दशा झाली होती. उरलेले तीन मात्र त्यांना कोड्यात टाकत होते. त्यांच्यावर चरा नव्हता, पण बोट फिरवलं की पिवळसर, चिकट पापुद्रा लागायचा. आक्कांनी त्या तिन्हींत कोमट पाणी आणि खायचा सोडा घातला, मंद आचेवर थोडा वेळ ठेवलं, गार होऊ दिलं आणि स्पंजने हलकेच पुसलं. पापुद्रा विरघळून निघाला. खाली कोटिंग शाबूत होतं. जळलेल्या तेलाचा थर होता तो, बाकी काही नाही.

त्या पदर खोचून बाईंच्या खोलीत गेल्या. भाज्या निवडायला मी आनंदाने बसेन, म्हणाल्या, पण आधी दहा मिनिटं स्वयंपाकघरात चला. त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं की बाई चष्मा न घेताच उठल्या, मग परत येऊन चष्मा घेऊन गेल्या. आचारीही आले, हात बांधून.

"मॅडम, हे बाराही एकाच दिवशी आले, एकाच कंपनीचे," आक्का म्हणाल्या. "बाराही मीच धुते, याच स्पंजने. मग लहान चार असे कसे राहिले?"

लहान पॅन कमी वापरात असतात, असं आचारी म्हणाले. ताईने तिथल्या तिथे सांगितलं की तिचे पॅन रोज सकाळी चालतात, फक्त ती लाकडी उलथनं वापरते आणि आच बारीक ठेवते.

आक्कांनी पहिला खराब पॅन उचलला. घासणीचे ओरखडे बारीक आणि गोल गोल येतात, हात तसा फिरतो म्हणून. इथे कडेपासून मध्यापर्यंत सरळ, खोल चरे होते. त्यांनी आचाऱ्यांचं स्टीलचं उलथनं मागून घेतलं आणि त्याचा कोपरा चऱ्यात ठेवला. तो नेमका बसला. दुसऱ्या पॅनच्या मध्यभागी तपकिरी वर्तुळ होतं, मोठ्या बर्नरच्या आचेएवढं, आणि तिथलं कोटिंग फुगून पोपडे धरत होतं. महिन्यापूर्वी आचारी फोनवर बोलत असताना रिकामा पॅन भर आचेवर राहिला होता, तोच हा. खोलीभर उग्र वास पसरला, आक्कांनी खिडक्या उघडून पंखा लावला, आणि त्याच संध्याकाळी आचाऱ्यांना हुडहुडी भरून ताप आला होता. दुसऱ्या दिवशी उतरला म्हणून कुणी दोन्ही गोष्टी जोडल्या नव्हत्या. कोटिंग असं तापलं की त्याचा धूर माणसाला बाधतो, हे कागदावर ठळक अक्षरांत होतं.

आचाऱ्यांनी हात सोडले. ते कागद वाचायला कपाटाकडे गेले.

शेवटी आक्कांनी एक पॅन ओट्यावर ठेवून बोटाने दाबला. तो डुगडुगला.

"हा मात्र माझा," त्या म्हणाल्या. "घाईत तापलेलाच मोरीत आला आणि मी नळाखाली धरला. तळ वाकला. गार होईपर्यंत थांबायला हवं होतं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आपली चूक न विचारता कबूल करणारं माणूस उरलेल्या अकरांबद्दल खोटं बोलणार नाही, एवढं बाईंना कळत होतं. त्यांनी विचारलं, आता टाकायचे कोणते?

आक्कांनी क्षणात वाटणी केली. पोपडे निघालेले दोन, खोल चऱ्यांचे दोन आणि तळ वाकलेला एक: पाच बाहेर. नुसता डाग पडला म्हणून कुठलाही पॅन टाकायचा नाही. पण कोटिंग सुटायला लागलं, चऱ्यातून खालचा धातू दिसला किंवा तळ डगमगून आच एकाच जागी लागायला लागली, की त्या पॅनची माया धरायची नाही. आचाऱ्यांनी हळूच सुचवलं की त्यातला एखादा दाणे भाजायला ठेवू. आक्का म्हणाल्या, कोरडं भाजणं म्हणजे रिकामा पॅन तापवल्यासारखंच, त्यापेक्षा लोखंडाचा तवा घ्या. आणि सकाळच्या काळ्या कणांनी त्या कामगाराला काही होणार नाही, ते पोटातून तसेच निघून जातात, पण म्हणून आपण रोज वाढायचे नसतात.

मग सोड्याने साफ झालेल्या तिन्हींपैकी एक त्यांनी शेगडीवर ठेवला. बारीक आच, बोटभर लोणी, ते वितळताच अंडं. ताईने दांडी धरून पॅन जरासा कलता केला आणि अंडं बर्फावरून घसरावं तसं ताटलीत उतरलं. मागे काहीच राहिलं नाही. बाई हसल्या. आचाऱ्यांनी ताटली हातात घेतली, अंड्याची खालची बाजू उलटून पाहिली आणि म्हणाले, "आक्का, माझं चुकलं." सगळ्यांसमोर म्हणाले, म्हणून त्याला वजन होतं.

टाकायचे पाच पॅन कुणी कचऱ्यातून उचलून चुलीवर चढवू नयेत म्हणून आक्कांनी वर्कशॉपमध्ये त्यांना प्रत्येकी तीन भोकं पाडून घेतली. लेथवरचा तोच कामगार ड्रिल चालवत होता, आणि त्याने फार उत्साहाने पाडली.

पॅनची मांडणी त्या आठवड्यापासून आक्कांच्या ताब्यात आली. दोन पॅनमध्ये एक जुन्या कापडाचा तुकडा, स्टीलची उलथनी वेगळ्या खणात, मोरीशेजारी तापलेले पॅन गार व्हायला एक जाळी. रोज सकाळी आचारी त्यांच्याकडे पॅन मागायला येत, आणि आक्का देण्याआधी प्रत्येक पॅनवरून अंगठा फिरवून पाहत.