पाशाभाईचे लाल ठिपके

पाशाभाईसारखा संशयी माणूस अख्ख्या परळीत न्हाई, हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. गॅरेज त्याचं, शेजारी झेरॉक्सचं दुकान माझं. एखादं इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडं द्यायचं म्हटलं की हा आधी प्रत्येक पार्टवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देणार, कुणी बदलला तर कळावं म्हणून. त्याच्या बायकोची, सईदाभाभीची, नेलपॉलिश कधी बोटाला लागतच न्हाई.

त्याच्या पोरीला, सहरला, पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या नवीन गेम तपासायचं काम दिलं. सोमवारपासून सुरू. अन् नेमका लॅपटॉप रुसला. साधं काम नीट चालायचं, पण गेम लावला की थोड्या वेळात पडद्यावर रंगीत चौकटी, मग सगळा काळोख. ग्राफिक्स कार्डच दगा देत होतं. नशीब, वॉरंटी शिल्लक होती.

माझ्याच दुकानात बसून तिनं सर्व्हिस सेंटरला ईमेल लिहिला. ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला, तरी तेच. दोन वेगवेगळ्या गेममध्ये तेच. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर तोच गेम हळू चालतो, पण बंद पडत नाही. बिघाडाचा व्हिडिओ जोडला, त्यात तापमान दिसतं, ते बेताचंच. सोबत बिल, सीरियल नंबर, एररचा फोटो, मागच्या स्क्रूवरच्या स्टिकरचा फोटो. शेवटी लिहिलं, लॅपटॉप कधीही उघडलेला नाही. शुक्रवारी इंजिनिअर घरी येईल, असं उत्तर आलं.

घरी येतोय म्हणजे चांगले पार्ट काढून न्यायला येतोय, असं पाशाभाईच्या डोक्यात बसलं. मी म्हणलं, गप बस बे. पण गुरुवारी सहर कॉलेजात गेली अन् यानं स्टिकर फाडून झाकण उघडलं. रॅमवर, पंख्यावर, बोर्डाच्या कोपऱ्यावर लाल ठिपके. वर मला कौतुकानं दाखवायला आणलं. माझं डोकंच फिरलं. स्टिकर फाटला की कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

सहरला कळलं तेव्हा तिनं लगेच सर्व्हिस सेंटरला दुसरा ईमेल लिहायला घेतला. मी म्हणलं, स्टिकर आधीच फाटका होता म्हणून लिही. तिनं ऐकलं न्हाई. वडिलांनी आज उघडला, कावून, कशासाठी उघडला, अन् बिघाडाचा व्हिडिओ त्याच्या आधीचा आहे, असं सरळ कळवून टाकलं.

इंजिनिअर आला. ठिपके बघून त्यानं फोटो काढून वरच्या ऑफिसात पाठवले. आमी सगळे त्याच्या फोनकडं बघत बसलो. मला तर वाटलं, गेलं पोरीचं काम. मग वॉरंटीतच दुरुस्त करा, असा होकार आला. ग्राफिक्सची चिप बोर्डालाच जोडलेली असते, म्हणून त्यानं अख्खा बोर्ड बदलला. गेम तासभर न थांबता चालला.

पाशाभाई लगेच पुढं सरकला, नवा बोर्ड खरंच नवा हाय का बघायला. सहरनं लॅपटॉप छातीशी धरला.

"अब्बा, तुमी याला हात लावायचा न्हाई."

आता काम संपलं की ती लॅपटॉप माझ्या कपाटात ठेवते अन् किल्ली स्वतःकडं घेऊन जाते. पाशाभाई गॅरेजातून ते रोज बघतो. कावून, म्हणून तिला एकदाही विचारत न्हाई.