अम्मानं निवडलेले चार्जर

अप्पा गेल्यावर त्यांचा आवाज अम्माच्या फोनमध्ये उरला होता. शेवटच्या वर्षी अंथरुणावर पडल्या पडल्या ते तिच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करून बोलत राहायचे. लहानपणची गाणी, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या माणसांचे किस्से, सगळं तमिळ हेल असलेल्या आमच्या तंजावुरी मराठीत. दुपारी जेवणं झाली की अम्मा त्यातलं काहीतरी लावून ऐकत बसायची.

माझ्या मावसभावानं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला त्यानं विड्याची पानं आणि नारळाबरोबर एक छोटा चार्जर दिला. पांढरा, देखणा, डब्यावर कंपनीचं नावच नाही. अम्माचा जुना चार्जर सैल झाला होता, म्हणून तिनं हा नवा लगेच वापरायला घेतला.

काही दिवसांनी स्वयंपाकघरात जळका वास आला. चार्जरचं टोक वितळलं होतं आणि फोन बंद पडला होता.

दुरुस्तीवाल्यानं फोन उघडून पाहिला. "चार्जरच्या आतमध्ये भिंतीतला करंट आणि फोनकडे जाणारा करंट वेगळे ठेवावे लागतात," तो म्हणाला. "स्वस्त मालात ते नीट केलेलं नसतं. फोनचा बोर्ड जळलाय."

"आतलं रेकॉर्डिंग?"

"मेमरीला कुलूप असतं. त्याची किल्ली जळलेल्या चिपमध्ये. मोठ्या लॅबमध्ये विचारा."

चेन्नईच्या लॅबनंही हात टेकले. रेकॉर्डिंगची दुसरी प्रत आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. दुपारी जेवण झाल्यावर अम्मा आता तशीच बसून राहायची.

माझ्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना काय द्यायचं ते मीच ठरवलं होतं, पॉवर बँक आणि चार्जर. अम्मा म्हणाली, "मी येते दुकानात."

दुकानदारानं एक हलकी पॉवर बँक पुढे केली. तिच्यावर क्षमतेचा भलामोठा आकडा छापला होता. अम्मानं ती तळहातावर तोलली. "एवढं मावायला जड नको का?" मग तिनं चष्मा लावून सरकारी मानक चिन्ह शोधलं, त्याखालचा R नं सुरू होणारा नोंदणी नंबर मला वाचायला सांगितला. मी तो सरकारी ॲपवर टाकला. निघालाच नाही. ज्यांचा निघाला ते महाग होते. तिनं तेच घेतले आणि खर्च भागवायला पाहुण्यांना द्यायच्या वस्तूंच्या यादीतून मिठाईचे डबे काढून टाकले.

लग्नात मावसभाऊ आला तेव्हा भेटीची पिशवी तिनं स्वतः त्याच्या हाती दिली. त्याच्या चार्जरनं काय झालं ते त्याला माहीतच नव्हतं.

"मावशी, वास्तुशांतीतले चार्जर माझ्याकडे पुष्कळ पडलेत," तो हसून म्हणाला.

"ते टाकून दे," अम्मा म्हणाली. "पोरांच्या खोलीत हाच लाव."

तो हो म्हणाला. मी त्याला खरं सांगायला पुढे झालो, तर अम्मानं माझं मनगट धरलं. "नको रे. त्यानं प्रेमानंच दिला होता."

मग ती जेवणाच्या पंगतीकडे वळली आणि पदरानं डोळे टिपले.