मायोसिसचं एक पान

बारावीच्या मुलांसाठी अख्खं मायोसिस, म्हणजे अर्धगुणसूत्री पेशीविभाजन, एका पानात बसवा, असा रहाटणीतल्या आमच्या क्लासच्या सरांचा हुकूम. दोन पानं झाली की मुलं वाचत नाहीत म्हणे! मी जीव तोडून बसवलं. समजात गुणसूत्रांची जोडी काढली, आईकडचं लाल, बापाकडचं निळं. पॅकिटीन अवस्थेत लालचं एक क्रोमॅटिड, म्हणजे त्याच्या दोन जुळ्या धाग्यांपैकी एक, निळ्याच्या एका क्रोमॅटिडशी तुकडा बदलतं, ती क्रॉसिंग ओव्हरची आकृती मधोमध.

पान छपाईसाठी डीटीपी ऑपरेटरकडे गेलं ते काळी-पांढरी झेरॉक्स होऊन. लालही काळं, निळंही काळं. त्याने नीटनेटकं करताना ही अदलाबदल एकाच गुणसूत्राच्या दोन सिस्टर क्रोमॅटिडमध्ये दाखवली. छापील पान मी तपासलंच नाही. खोटं कशाला बोलू, चूक माझीच.

ती धरली एका मुलीने. गेल्या वर्षी तिची बायोलॉजी राहिली होती. बाप चाकणला कंपनीत. यंदाही उडाली तर शिक्षण बंद, हेल्पर म्हणून लाग, असं त्याने बजावलेलं. सराव परीक्षेत तिने आकृती बरोबर काढली, एक गुणसूत्र भरीव, दुसरं ठिपक्यांचं. सरांनी छापील पानाशी ताडून शून्य दिलं.

"मॅडम, सिस्टर म्हणजे एकमेकींची नक्कल ना? जुळ्या बहिणींनी सारखेच फ्रॉक आपसात बदलले, तर नवं काय झालं?" तिने विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तडक सरांकडे गेले.

"पानं वाटून झालीत," ते म्हणाले. "पालकांना कळलं तर क्लासचं नाव जाईल. तिला सांगा, पानावर आहे तसंच काढायचं."

"आणि बोर्डाच्या पेपरात?"

"दोन मार्कांनी काय आभाळ कोसळतंय?"

माझं डोकंच सणकलं. तिच्या घरी कोसळतंय की हो! तशीच वर्गात शिरले. "काढा ती पानं. मधल्या आकृतीवर फुली मारा. मी चुकले."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मागोमाग सर दारात. "मॅडम, बाहेर या."

"तास संपला की येते," मी म्हटलं आणि खडू त्या मुलीच्या हातात दिला.

तिने काढलं झकास. एक भरीव, एक ठिपक्यांचं, आणि फक्त आतल्या दोन क्रोमॅटिडची टोकं बदललेली. "चारपैकी दोन जशीच्या तशी राहतात, दोन नवी होतात," ती फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली.

"उद्यापासून येऊ नका," सर मला म्हणाले. सगळ्या वर्गासमोर.

"नाही येत. पण तिचं शून्य आधी खोडा."

मुलगी पेपर घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. सरांचा हात काही खिशातल्या पेनाकडे जाईना. मग तिने माझं पेन मागून घेतलं, शून्यावर काट मारली आणि स्वतःच दोन लिहिले.